जादा-बचतीच्या तक्त्यापासून सुरुवात करा

पनवेल परिसरात एक यंत्रणा काम सुरू करते, दुसरी ते पुरे करते आणि तिसरी सांभाळते, असे बऱ्याचदा घडते. बेलापूर ते पेंधर या ११.१ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले. प्रवासी गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि मार्ग पुरा करण्यासाठी सिडकोला मधे महामेट्रोची मदत घ्यावी लागली. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोने वसवलेल्या वसाहती तिच्या हद्दीत आल्या आणि तिथल्या रस्ते, गटारे, दिवाबत्ती यांसारख्या सेवा पुढे टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेल्या. अशा ठिकाणी गटार खोदणारा कनिष्ठ अभियंता आणि पाच वर्षांनी तेच गटार दुरुस्त करणारा कनिष्ठ अभियंता यांची कधी भेटही होत नाही. त्यांच्यातला दुवा म्हणजे काम संपल्याचा अहवाल.

हा अहवाल लिहिताना बहुतेक जण कामाच्या इतिहासापासून सुरुवात करतात: प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मुदतवाढ, काम समाधानकारकरीत्या पूर्ण. हे सगळे मूळ फाईलमध्ये असतेच. माझे सांगणे असे की सुरुवात जादा-बचतीच्या तक्त्यापासून करावी. कार्यालयात ज्याला एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट म्हणतात, तोच हा तक्ता. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या प्रत्येक फरकाला काहीतरी कारण असते. त्या कारणातून धडा निघतो, आणि ज्या फरकाचा हिशेब अजून लागलेला नाही ती शिल्लक बाब असते. म्हणजे खर्च, धडे आणि शिल्लक बाबी ही तीन वेगळी प्रकरणे नसून तिन्ही एकाच तक्त्यातून निघतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, परिस्थिती मात्र कळंबोली-कामोठ्यात काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. या सखल वसाहतींतले पावसाचे पाणी आधी धारण तलावात जाते. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरतीला त्या मिटतात आणि खाडीचे पाणी आत येत नाही, ओहोटीला उघडतात आणि साठलेले पाणी बाहेर पडते. अशा एका तलावाला मिळणारे ६४० मीटर लांबीचे आरसीसी बंदिस्त पावसाळी गटार आपण बांधले, आणि तलावाच्या तोंडावरच्या दोन जुन्या झडपाही त्याच कंत्राटात बदलायच्या होत्या, असे धरू. कराव्यतिरिक्त कंत्राटाची किंमत २ कोटी ४० लाख रुपये. काम संपल्यावरचा तक्ता, लाख रुपयांत, असा आहे:

| बाब | कंत्राट | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| खोदकाम व पाणी उपसा | २८ | ४६ | +१८ |
| काँक्रीट व सळई | १५२ | १४९ | –३ |
| केबल, जलवाहिनी, गॅसवाहिनी हलवणे | १० | २३ | +१३ |
| रस्ता पूर्ववत करणे | २२ | २० | –२ |
| तलावाच्या तोंडाचे काम व झडपा | १६ | ११ | –५ |
| इतर | १२ | १२ | ० |
| एकूण | २४० | २६१ | +२१ |

कंत्राटापेक्षा पावणेनऊ टक्के जादा. बरेच अहवाल इथे थांबतात: ‘एकूण जादा खर्च ८.७५ टक्के, सुधारित मान्यता घेतली.’ पुढच्या चमूच्या हाती यातून काहीच लागत नाही, कारण खरे काय घडले ते बेरजेत दडून राहते.

तलावाच्या तोंडाची ओळ पाहा. झडपांच्या कामात ५ लाखांची बचत दिसते, पण ती बचत नाही. दोनपैकी एक झडप बसवायचीच राहिली आहे. ते पैसे आज ना उद्या जाणारच, कदाचित जास्तच. म्हणून जादा-बचतीच्या तक्त्यात मी प्रत्येक उणे आकड्यासमोर एक जास्तीचा शब्द लिहायला सांगतो: ‘वाचले’ की ‘राहिले’. काँक्रीटचे ३ लाख वाचले, कारण एका टप्प्यात गटाराची खोली कमी लागली. झडपेचे ५ लाख राहिले. एवढा एक शब्द लिहिला की शिल्लक बाबींच्या यादीतली पहिली नोंद आपोआप मिळते.

आता वरच्या ओळीकडे येऊ, कारण या कामाचा सर्वांत मोठा धडा तिथे आहे. खोदकाम आणि उपशाला १८ लाख जादा का लागले? ‘भूजल पातळी जास्त असल्याने’ हे कारण सहज लिहिले जाते आणि मान्यही होते. पण पंपाची वही उघडा. साईटवरच्या पर्यवेक्षकाने पंप किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता बंद झाला हे रोज लिहिलेले असेल, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तलावाजवळच्या टप्प्यात पंपाचे तास दिवसातून दोनदा वाढतात आणि वाढीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे भूजल नाही, ही भरती आहे. कोकणातल्या कोळ्याला हे पंपाच्या वहीशिवायही कळते: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अहवाल लिहिताना पंपाच्या नोंदींशेजारी तिथी किंवा बंदराच्या भरतीच्या वेळा लिहून काढा. उधाणाच्या दिवसांत तास चढलेले आणि भांगाच्या दिवसांत उतरलेले दिसले, तर कारण सिद्ध झाले. तसे दिसले नाही, तर कारण दुसरीकडे शोधा: एखादी फुटकी जलवाहिनी किंवा शेजारच्या गटाराची गळती.

मग तोच खर्च टप्प्यांत वाटून पाहायचा. समजा, तलावाजवळच्या २२० मीटरमध्ये खोदकाम आणि उपशाला ३४ लाख लागले आणि उरलेल्या ४२० मीटरमध्ये १२ लाख. म्हणजे तलावाजवळ मीटरमागे सुमारे १५,४५० रुपये आणि दूरच्या भागात सुमारे २,८५०. अंदाजपत्रकात सगळ्या लांबीला एकच हिशेब होता, मीटरला ४,३७५. म्हणजे वरच्या भागात तो जास्त पडला आणि खालच्या भागात फारच कमी. पुढच्या चमूने या कामाचा ‘सरासरी दर’ उचलला तर तीच चूक पुन्हा होईल. अहवालात ‘प्रति मीटर खर्च’ लिहायचाच असेल तर टप्प्यानिशी लिहा. एकच आकडा लिहिलात तर लोक तेवढाच वाचतील.

धडा लिहिण्याची पद्धत इथे दाखवतो. ‘भविष्यात उपशाची योग्य तरतूद करावी’ हे वाक्य लिहू नका. ते वाचून अंदाजपत्रक करणाऱ्याला नेमके काय बदलायचे ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘धारण तलावाच्या तोंडापासून २२० मीटरपर्यंत चरात भरतीचे पाणी येते, पंपाच्या नोंदी उधाणाच्या तिथींशी जुळतात, वहीच्या प्रती जोडल्या आहेत. या टप्प्यात खोदकाम व उपशाला ३४ लाख लागले. पुढील अंदाजपत्रकात तलावाजवळचा टप्पा वेगळा धरावा, त्यासाठी उपशाची स्वतंत्र बाब ठेवावी आणि या टप्प्याचे खोदकाम भांगाच्या दिवसांत बसेल असे कामाचे वेळापत्रक निविदेत मागावे.’ यात काय घडले ते आहे, पुरावा आहे, किंमत आहे आणि कोणत्या कागदात काय बदलायचे तेही आहे. यांतले शेवटचे राहिले तर बाकी तिन्ही वाया जातात.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण धड्यांचे नुसते भांडार करून भागत नाही. नासासारख्या संस्थेने धड्यांची संगणकीय नोंदवही केली होती. २०१२ मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा प्रकल्प-व्यवस्थापक ती क्वचितच उघडतात आणि तिच्यात भरही क्वचितच घालतात असे आढळले. आपल्याकडे तर नोंदवहीही नाही. म्हणून धडा माणूस जिथे नक्की जाईल तिथे ठेवायचा: अंदाजपत्रकाच्या नमुन्यात एक नवी ओळ, निविदेच्या विशेष अटींत एक नवे कलम, तपासणीच्या यादीत एक नवा प्रश्न. आपल्या उदाहरणात तिन्ही जमण्यासारखे आहे. अहवालासोबत दुरुस्त केलेला नमुनाच जोडून पाठवावा. वरिष्ठांनी तो मंजूर केला की धडा कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

दुसरा जादा खर्च सेवावाहिन्यांचा, १३ लाखांचा. त्याचे कारण बहुतेकांना माहीत आहे: जमिनीखाली काय आहे याचा भरवशाचा नकाशा नव्हता. महावितरणची केबल नकाशावर रस्त्याच्या एका बाजूला आणि प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला. इथला धडा छोटा आहे, तांत्रिक मान्यतेआधी वळणांवर आणि ठरावीक अंतराने चाचणी खड्डे घ्यावेत. पण खरे काम धड्यापेक्षा मोठे आहे. चर उघडा होता तेव्हा आपल्याला ज्या वाहिन्या प्रत्यक्ष दिसल्या, त्या पुढची कित्येक वर्षे कुणाला दिसणार नाहीत. त्यांची खोली, व्यास आणि कुठल्याही पक्क्या खुणेपासूनचे अंतर कामानंतरच्या नकाशावर उतरवलेच पाहिजे. पक्की खूण म्हणजे इमारतीचा कोपरा किंवा पुलाचा कठडा. विजेचा खांब नको, तो हलतो. हा नकाशा अहवालाला जोडला नाही तर १३ लाख देऊन मिळवलेली माहिती चरासोबत बुजली.

आता शिल्लक बाबी. झडप का राहिली? उदाहरणापुरते असे धरू की तलावाच्या तोंडाशी तिवरे वाढली आहेत आणि ती तोडल्याशिवाय तिथे यंत्र उतरत नाही. कांदळवनाला हात लावणे हा ठेकेदाराच्या किंवा अभियंत्याच्या अखत्यारीतला विषय नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर अशा कामाला सार्वजनिक हिताचे कारण दाखवून रीतसर परवानगी घ्यावी लागते. सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वन विभाग आणि न्यायालय असा तो प्रवास असतो. याला महिने लागतात, आणि तोवर मूळ अभियंत्याची बदली झालेली असू शकते.

अशी बाब ‘झडप क्र. २ बसवणे: परवानगीअभावी प्रलंबित’ या एका ओळीत लिहिली तर नवा माणूस पुन्हा शून्यापासून सुरुवात करील. त्याला काय हवे असते, त्याचा विचार करून लिहा. अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने गेला आणि सध्या कोणत्या कार्यालयात आहे; कोणत्या त्रुटी काढल्या होत्या आणि त्यांतल्या किती पुऱ्या केल्या; तयार झडप कुठे ठेवली आहे, तिचे पैसे दिले आहेत की नाही, आणि तिच्या रबरी कडेचे ऊन-पावसापासून रक्षण कोण करते. नंतर सर्वांत महत्त्वाचे: ती बसेपर्यंत पावसाळ्यात काय करायचे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की त्या उघड्या तोंडातून खाडीचे पाणी आत येणार. म्हणून तिथे पंप कोणी, कधी लावायचा, वाळूच्या गोण्या कुठून आणायच्या, हे नावानिशी लिहावे लागते. नाव म्हणजे पदनाम, व्यक्तीचे नाव नव्हे. माणूस बदलतो, पद राहते. आणि शेवटी, बाब पुरी झाली असे केव्हा म्हणायचे? ‘झडप बसवली’ एवढे पुरेसे नाही. ‘उधाणाच्या एका भरतीत झडप मिटलेली पाहिली, आत पाणी आले नाही’ असे असेल तर ती बाब मिटली.

दोषदायित्व कालावधीही शिल्लक बाबच आहे, पण तो यादीत लिहिलेला क्वचित दिसतो. कालावधी कधी सुरू झाला, कधी संपतो, आणि संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख या तिन्ही नोंदवा. त्या तारखेला गटाराची पाहणी करायची, सांधे गळतात का, झाकणे बसली आहेत का, गाळ किती साठला, हे पाहायचे. ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत देण्याची टिप्पणी त्या पाहणीनंतरच निघावी.

अंतिम खर्चाविषयी थोडे खोलात जातो, कारण ‘अंतिम’ या शब्दाखाली चार वेगळे आकडे मिसळले जातात. पहिला, मोजमाप पुस्तकात मोजलेल्या कामाची किंमत: आपल्या उदाहरणात २६१ लाख. दुसरा, प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम. ती कमी असते, कारण सुरक्षा अनामत आणि इतर वजावटी रोखलेल्या असतात. अनामत रोखली म्हणून खर्च कमी झाला नाही, तो फक्त पुढे गेला. तिसरा, राहिलेल्या झडपेचे ५ लाख. चौथा, वादातला. समजा, वाहिन्या हलवेपर्यंत यंत्रे बसून राहिली म्हणून ठेकेदाराने ६ लाखांचा दावा केला आहे. ही ओळ वेगळी ठेवा. मान्य झाला तर कामाची किंमत २७२ लाखांपर्यंत जाईल, नाही तर २६६ लाखांवर थांबेल, असे सरळ लिहिले की वाचणाऱ्याला मर्यादा कळतात.

वस्तू व सेवा कर मात्र या सगळ्यापासून वेगळा दाखवावा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अशा कामांवरचा कर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. २०२१ च्या कामाची करासहित किंमत आणि २०२४ च्या कामाची करासहित किंमत शेजारी ठेवली तर गटार महागले की कर वाढला हे समजणार नाही. कराशिवायची किंमत मोठ्या ठशात, कर खाली वेगळा, आणि दर कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर आधारलेले होते ते शेजारी, एवढे पाळले तरी अहवाल दहा वर्षांनीही वापरता येतो.

जादा परिमाणाचा मुद्दाही इथेच नोंदवावा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यातल्या निविदेत कलम ३८ प्रमाणे एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक झाले की त्यावरच्या भागाचा दर नव्याने ठरवावा लागतो. आपल्या उपशात असे झाले असेल, तर किती परिमाणापर्यंत जुना दर, कुठून पुढे नवा आणि तो कोणत्या तारखेला मंजूर झाला, हे चार ओळींत सांगा. अंतिम देयक अडकण्याची जागा बहुधा हीच असते.

अनेकांच्या मनातली भीती मी समजू शकतो: जादा खर्चाचे खरे कारण लिहिले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, उद्या माहिती अधिकारात अहवाल बाहेर जाईल. पण जादा-बचतीचा तक्ता लेखापरीक्षकांसमोर आधीच असतो. आक्षेप येतो तो कारण नसलेल्या जादा रकमेवर. कारण पुराव्यानिशी लिहिणाऱ्या अभियंत्याचा बचाव त्या अहवालातच असतो. काळजी घ्यायची ती दोन बाबतींत. धड्यांत कुणा व्यक्तीवर ठपका नको. ‘मंजुरी मिळायला ४७ दिवस लागले’ हे लिहा, ‘अमुक कार्यालयाने दिरंगाई केली’ हे नको. आणि जो दावा लवादाकडे जाऊ शकतो, त्याविषयी तारखा व पत्रांचे क्रमांक सोडून मत लिहू नका. त्या ६ लाखांच्या दाव्यात चूक कोणाची, याचा निर्णय अहवालाने द्यायचा नसतो.

चांगला नमुना पाहायचा असेल तर जागतिक बँकेचे पूर्तता अहवाल पाहावेत. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केले आणि २०११ मध्ये तो व्यवहार बंद झाला. त्याचा अहवाल सर्वांना खुला आहे. त्यात घटकागणिक मंजुरीच्या वेळचा अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि दोहोंचे प्रमाण असा तक्ता असतो, आणि धड्यांचे स्वतंत्र प्रकरण असते. भाषा जड आहे, आपल्या गटाराला तेवढी पाने नकोत. पण खर्चाचा तक्ता घटकागणिक मांडण्याची शिस्त घेण्यासारखी आहे.

लिहायचे कधी, हा शेवटचा प्रश्न. अंतिम देयक मंजूर होईपर्यंत थांबलात तर पर्यवेक्षक दुसऱ्या साईटवर गेलेला असतो आणि पंपाची वही रद्दीत. म्हणून प्रत्यक्ष काम संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत शाखा अभियंता, ठेकेदाराचा पर्यवेक्षक आणि मोजमापे घेणारा माणूस यांनी साईटवरच एक बैठक घ्यावी. जादा-बचतीचा कच्चा तक्ता हातात ठेवून प्रत्येक ओळीला ‘का’ विचारत गटाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. वह्या, फोटो आणि कामानंतरचा नकाशा त्याच दिवशी ताब्यात घ्यावेत. त्यावरून पहिली आवृत्ती निघते आणि हस्तांतरणाच्या कागदांसोबत जाते. आकड्यांसमोर ‘तात्पुरते’ असे लिहिलेले चालते.

ती आवृत्ती पुढे पाठवण्याआधी या कामाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या शाखेतल्या अभियंत्याला वाचायला द्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा: तलावाजवळ मीटरमागे खोदाई-उपशाला किती लागले, काय शिल्लक आहे आणि कोणाकडे, अंदाजपत्रकात काय बदलशील? तुमच्याशी न बोलता त्याला उत्तरे देता आली नाहीत, तर त्या जागा पुन्हा लिहा.

दुसरी आवृत्ती पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. तोवर अंतिम देयकाचा आकडा आलेला असतो, दाव्याचे काय झाले ते कळलेले असते, आणि गटारातून एक पावसाळा वाहून गेलेला असतो. उधाणाच्या दिवशी झडप क्र. १ मिटली का, दुसऱ्या तोंडातून किती पाणी आले, पंप किती तास चालवावा लागला, हे त्यात भरा, जुन्या ‘तात्पुरत्या’ आकड्यांवर रेघ मारून नवे लिहा, आणि त्या पानाची एक प्रत परवानगीच्या अर्जाला जोडा. झडप क्र. २ ची गरज पटवायला त्याहून चांगला कागद मिळणार नाही.